व्हॉट्सॲप परत मिळालं, आता ओळखीच्यांना नेमकं काय कळवायचं?

हॅक झालेलं व्हॉट्सॲप हातात आलं की बहुतेक जण घाईघाईने एक ओळ टाकून मोकळे होतात: "माझं व्हॉट्सॲप हॅक झालं होतं, काही मेसेज आले असतील तर दुर्लक्ष करा." ओळ खरी असते, पण वाचणाऱ्याच्या फारशी उपयोगाची नसते. कुठल्या मेसेजकडे दुर्लक्ष करायचं? सकाळी सोसायटीच्या मेंटेनन्सचा क्यूआर कोड आला होता, तोही खोटा समजायचा का? ज्याने पैसे पाठवूनही टाकलेत त्याने काय करायचं? आणि तासाभरापूर्वी याच नंबरावरून "अर्जंट आहे, आठ हजार पाठव" असं आलं होतं, तर आता आलेला हा मेसेज तरी त्याच माणसाचा कशावरून?

शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे. ज्या खात्यावरून नुकतीच फसवणूक झाली, त्याच खात्यावरून आलेला खुलासा स्वतःच्या शब्दांवर स्वतःला खरा ठरवू शकत नाही. म्हणून त्यात दोन गोष्टी हव्यात: तपासता येतील असे तपशील, आणि व्हॉट्सॲपबाहेर खात्री करून घ्यायची एक सोपी वाट. शिवाय तो मेसेज वाचणाऱ्याकडून काहीही मागणारा नसावा.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण धरू. समजा, नाशिकच्या एका सोसायटीच्या सचिव आहेत वैशालीताई. शनिवारी सकाळी त्यांच्या मैत्रिणीच्या नंबरावरून मेसेज आला, "अगं, चुकून माझा सहा आकडी कोड तुझ्याकडे आलाय, पाठव ना." मैत्रिणीचं खातं आधीच दुसऱ्याच्या हातात होतं, हे ताईंना माहीत नव्हतं. ११ वाजून २० मिनिटांनी त्यांनी कोड पाठवला आणि दोन मिनिटांत त्या स्वतःच्याच व्हॉट्सॲपमधून बाहेर फेकल्या गेल्या. दुपारी २ वाजून १० मिनिटांनी पुन्हा आपल्या नंबरावर एसएमएसने कोड मागवून त्यांनी खातं परत घेतलं. मधले पावणेतीन तास ते दुसऱ्याकडे होतं.

मेसेज लिहिण्याआधी दार नीट लावून घ्या

खातं परत आलं म्हणजे चोर बाहेर गेला, असं प्रत्येक वेळी नसतं. नवा कोड टाकून नोंदणी केली की दुसऱ्या फोनवरचं खातं बंद पडतं, हे खरं. तरी सेटिंगमधल्या Linked devices मध्ये जाऊन बघा. एका खात्याला चारपर्यंत जोडउपकरणं लागू शकतात आणि आपण न जोडलेला एखादा ब्राउझर तिथे दिसला तर तो आधी लॉग आऊट करायचा. तो तसाच राहिला तर तुमचा खुलासा त्यालाही दिसेल, त्यावर आलेली उत्तरंही दिसतील आणि "सर्वांसाठी डिलीट" करून तो तुमचा खुलासाच उडवू शकेल.

त्यानंतर Two-step verification मध्ये स्वतःचा सहा आकडी पिन आणि स्वतःचाच ईमेल घाला. चोराने तिथे आपला पिन लावून ठेवला असेल तर एसएमएसचा कोड टाकताच तो बाहेर जातो, पण पिन नसल्याने तुम्हालाही आत येता येत नाही आणि सात दिवस थांबावं लागतं. त्या काळात खुलासा घरच्या कुणाच्या तरी फोनवरून पाठवावा लागतो. तेव्हा पाठवणाऱ्याने पहिल्याच ओळीत आपण कोण हे लिहावं: "मी वैशालीचा नवरा, तिच्या सांगण्यावरून लिहितोय."

तिसरी गोष्ट लोक हमखास विसरतात, ती म्हणजे कॉल फॉरवर्डिंग. व्हॉट्सॲपचा कोड एसएमएसऐवजी फोन करूनही ऐकवला जातो. त्यामुळे काही चोर आधी कुरिअरवाला किंवा कंपनीचा माणूस बनून तुमच्याकडून एक कोड डायल करून घेतात आणि तुमचे कॉल स्वतःकडे वळवतात. ते वळवलेलेच राहिले आणि तुम्ही खुलाशात लिहिलंत की "खात्री करायला फोन करा", तर लोक थेट चोरालाच फोन करतील. म्हणून आधी हे दोन कोड डायल करा. पहिल्याने सगळे कॉल सरसकट कुठे वळवलेत का ते दिसतं, दुसऱ्याने सगळ्या प्रकारचं वळवणं रद्द होतं:

```
*#21#
##002#
```

काही सिमवर हे कोड चालत नाहीत. तेव्हा फोनच्या कॉल सेटिंगमधल्या Call forwarding मध्ये जाऊन प्रत्येक प्रकार हाताने बंद करा किंवा सिमकंपनीच्या ग्राहकसेवेला फोन लावा. मग घरातल्या दुसऱ्या फोनवरून आपल्याला एक कॉल करून बघा. तो आपल्याकडेच वाजला की पुढे जायला हरकत नाही.

त्या तासांत काय काय गेलं, ते तुमच्या फोनमध्ये दिसणारच नाही

खुलासा पोकळ होतो तो या कारणाने. चोराने तुमचा नंबर त्याच्या फोनवर नोंदवला असेल, तर तिथून त्याने पाठवलेले मेसेज त्याच्याच फोनमध्ये राहतात. तुम्ही खातं परत घेता आणि जुना बॅकअप फोनमध्ये परत आणता तेव्हा तुमच्या चॅटमध्ये शनिवारी ११ वाजेपर्यंतचं सगळं दिसतं आणि त्यानंतर एकदम २ नंतरचं. मधलं काहीच नसतं. ते पाहून माणसाला वाटतं, फार काही झालेलं दिसत नाही. प्रत्यक्षात चाळीस जणांना पैसे मागून झालेले असतात.

प्रकार जोडउपकरणाचा असेल, म्हणजे चोराने क्यूआर किंवा जोडणीचा कोड वापरून तुमच्या खात्याला आपला ब्राउझर लावला असेल, तर चित्र उलटं असतं. तेव्हा त्याने पाठवलेलं सहसा तुमच्याही फोनमध्ये उमटतं, पण सोबत जुन्या गप्पांचा बराचसा भागही त्याच्यापर्यंत पोहोचलेला असतो. आपला प्रकार कोणता होता ते आधी ठरवा, कारण लोकांना काय सांगायचं ते यावर अवलंबून आहे. फोनमधल्या व्हॉट्सॲपमधून आपण बाहेर फेकले गेलो असू, तर पहिला प्रकार. फोनमधलं व्हॉट्सॲप चालूच होतं आणि तरी आपल्या नावाने मेसेज जात होते, तर दुसरा.

वैशालीताईंचा प्रकार पहिला होता. त्यांच्या जुन्या गप्पा चोराच्या हाती लागल्या नाहीत, कारण त्या फोनमध्ये आणि बॅकअपमध्ये असतात, नंबराबरोबर दुसऱ्या फोनवर जात नाहीत. मात्र ग्रुप आणि त्यांतले सदस्य त्याला दिसले. आणि ११ वाजून २२ मिनिटांपासून २ वाजून १० मिनिटांपर्यंत लोकांनी ताईंना जे काही पाठवलं, ते त्यांच्याऐवजी त्याला पोहोचलं. पाठवणाऱ्याला दोन टिका दिसल्या, म्हणून त्याला वाटतं ताईंना मिळालं. त्या वेळात कुणी भाडेकराराचे कागद किंवा आधारचा फोटो पाठवला असेल, तर तो परक्याने पाहिला असं धरूनच चालायला हवं. बहुतेक खुलाशांत ही गोष्ट येतच नाही. आपण नंबरावरून काय गेलं एवढ्याचाच विचार करतो, नंबरावर काय आलं ते राहून जातं.

आता माहिती गोळा करायची. कोडचा एसएमएस फोनमध्ये असतोच, त्याची वेळ म्हणजे सुरुवात. परत नोंदणीच्या कोडची वेळ म्हणजे शेवट. मधलं लोकांकडून मिळवायचं. ज्यांनी आधीच फोन करून "अगं, हे तूच पाठवलंस का?" असं विचारलं होतं, अशा तीन-चार जणांकडून स्क्रीनशॉट मागवा. ताईंना असं कळलं की तीन तऱ्हेचे मेसेज गेले होते. काही जणांकडे ८,००० रुपये मागितले होते, काही जणांकडे सहा आकडी कोड, आणि सोसायटीच्या ग्रुपवर लग्नपत्रिका म्हणून एक एपीके फाइल, म्हणजे अँड्रॉइड फोनवर ॲप बसवणारी फाइल, टाकली होती. एवढं कळलं की मेसेज लिहिता येतो. सगळ्या चाळीस जणांचा हिशेब लागेपर्यंत थांबू नका, तेवढ्यात आणखी कुणीतरी पैसे पाठवेल.

मेसेज

वैशालीताईंनी पाठवावा असा मजकूर हा:

> नमस्कार मंडळी, मी वैशाली.
>
> आज शनिवारी सकाळी ११:२० ते दुपारी २:१० (भारतीय वेळ) माझं व्हॉट्सॲप दुसऱ्या कुणाच्या ताब्यात होतं. एका फसव्या मेसेजला मी सहा आकडी कोड पाठवला, त्यातून हे झालं. आता खातं माझ्याकडे परत आलं आहे.
>
> या वेळात माझ्या नावाने आलेलं काहीही मी पाठवलेलं नाही. मला समजलेले मेसेज असे: ८,००० रुपये मागणारा, "चुकून माझा कोड तुझ्याकडे आलाय" असा, आणि ग्रुपवर आलेली लग्नपत्रिकेची एपीके फाइल. ती फाइल उघडू नका. सकाळी १० वाजता मी पाठवलेला मेंटेनन्सचा क्यूआर कोड मात्र खरा आहे.
>
> पैसे पाठवले असतील तर आत्ताच १९३० वर फोन करा, मग मला करा. चॅट डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा. कोड दिला असेल किंवा फाइल उघडली असेल तर मला साधा फोन करा, काय करायचं ते सांगते.
>
> या वेळात तुम्ही मला पाठवलेलं मला मिळालेलं नाही, ते दुसऱ्याने पाहिलं असेल. कागदपत्रं किंवा बँकेची माहिती पाठवली असेल तर मला कळवा.
>
> खात्री करायची असेल तर इथे विचारू नका, नेहमीच्या नंबरावर साधा फोन करा. मी कुणालाही पैसे, कोड, लिंक किंवा रिफंडचा फॉर्म पाठवणार नाही.

यात लिंक कुठेच नाही, नवा नंबर नाही आणि घाबरवणारी भाषाही नाही. खुलाशात लिंक दिसली की शहाणा माणूस तो पुढचा सापळा समजतो, आणि बरोबरच समजतो. नवा नंबर देणंही टाळा. चोर नेमकं हेच करतात: "तो नंबर हॅक झालाय, आता यावर बोल." तुमचा जुना नंबर लोकांच्या फोनमध्ये आधीच आहे, तोच पुरावा.

वेळेची ओळ सगळ्यात महत्त्वाची. "काही दिवसांपूर्वी" असं लिहिलं तर लोक महिन्याभराच्या सगळ्या मेसेजांकडे संशयाने बघतात, खरी कामं अडतात, आणि खोटा मेसेज मात्र कुणी नेमका ओळखत नाही. वेळ दिली की माणूस चॅट उघडतो, ११ नंतरचं बघतो आणि स्वतःच निवाडा करतो. म्हणूनच काय खरं होतं तेही एका ओळीत सांगायचं. ताईंनी क्यूआर कोडचा उल्लेख केला नसता, तर निम्म्या सोसायटीने त्या महिन्याचे पैसे भरायचं थांबवलं असतं.

खोट्या मेसेजचं वर्णन शब्दांत करा. मूळ मेसेज फॉरवर्ड करू नका, फाइल तर मुळीच पुन्हा टाकू नका. "ही फाइल उघडू नका" म्हणत तीच फाइल परत टाकणारे कमी नाहीत. स्क्रीनशॉट टाकायचाच असेल तर त्यातली लिंक, यूपीआय आयडी आणि क्यूआर झाकून टाका. झाकायला फोनचं हायलायटर वापरू नका, त्यातून अक्षरं दिसतात. तेवढा भाग कापूनच काढा.

कसं झालं ते एका वाक्यात पुरे. ज्या मैत्रिणीच्या नंबरावरून कोड मागितला गेला तिचं नाव ग्रुपवर घेऊ नका. तिचंही खातं पळवलेलंच होतं, तिला थेट फोन करून सांगा, कदाचित तिला अजून पत्ताच नसेल. आणि कोड स्वतः दिला असेल तर तसं लिहायला लाजू नका. "कसं कोण जाणे, हॅक झालं" असं लिहिलंत तर वाचणाऱ्याला कशापासून जपायचं तेच कळत नाही, आणि नेमका तोच कोडवाला मेसेज त्याच्याही फोनमध्ये उत्तराची वाट बघत असतो.

भाषा तुमची नेहमीची ठेवा. तुम्ही एरवी "मंडळी" म्हणत असाल तर मंडळी, "काय रे" म्हणत असाल तर काय रे. कुठूनतरी उचललेला औपचारिक मजकूर चिकटवलात तर तोच परका वाटतो.

कुणाला, कुठून, कोणत्या क्रमाने

आधी फोन, मग मेसेज. सासू-सासरे, काका-मामी, परगावी शिकणारा भाचा, म्हणजे आपण मागितले तर विचार न करता पैसे पाठवतील अशी माणसं प्रत्येकाची पाच-दहा तरी असतात. त्यांना साधा कॉल करा. वडीलधाऱ्यांना वरचा लांब मजकूर देऊ नका. त्यांना एसएमएसने एवढं पुरतं: "काका, मी वैशाली. सकाळी व्हॉट्सॲपवर माझ्या नावाने पैसे मागितले ते मी नव्हते. पाठवले असतील तर लगेच फोन करा." घरात कुणी ते वाचून दाखवेल अशा शब्दांत लिहा.

त्यानंतर ग्रुप. चोराने जिथे काही टाकलं तिथे आधी. तुम्हाला स्वतःला तो मेसेज दिसत नसेल, म्हणून त्यालाच उत्तर म्हणून खुलासा टाकता येणार नाही. ज्याला दिसतोय अशा एखाद्याला त्याखाली "हे खोटं आहे, खालचा खुलासा वाचा" असं लिहायला सांगा. ग्रुपचा ॲडमिन दुसऱ्याचा मेसेजही सर्वांसाठी काढू शकतो. तेव्हा आधी स्क्रीनशॉट घेऊन मग फाइल काढून टाकायला सांगा. खुलासा ग्रुपमध्ये सात दिवसांसाठी पिन करून घ्या, नाहीतर दोन तासांत सुप्रभातांच्या ढिगाखाली जातो. तुम्ही स्वतःच ॲडमिन असाल तर सदस्यांची यादी एकदा नजरेखालून घाला. नवा अनोळखी सदस्य किंवा नवा ॲडमिन दिसला तर काढा आणि ग्रुपची आमंत्रणाची लिंक रीसेट करा.

उरलेल्यांसाठी स्टेटस आणि ब्रॉडकास्ट यादी. एका यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच ब्रॉडकास्ट पोहोचतो. स्टेटस २४ तासांनी जातं, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा टाका. चारशे जणांना एकेक करून तोच मजकूर पाठवत बसू नका. चोराच्या मेसेजांमुळे काही जणांनी तुमचा नंबर आधीच रिपोर्ट केलेला असू शकतो. त्यावर एकसारख्या मेसेजांचा सपाटा दिसला तर व्हॉट्सॲप खात्यावर तात्पुरती बंदी घालू शकतं, आणि परत मिळालेलं खातं पुन्हा जातं. मजकूर पुढे पाठवताना फॉरवर्ड न करता कॉपी करून चिकटवा. वर "फॉरवर्डेड" दिसलं की वाचणाऱ्याला ते कुणाचंतरी फिरत आलेलं वाटतं.

काहींनी मधल्या वेळात तुम्हाला ब्लॉक केलं असेल. त्यांना व्हॉट्सॲपवरून काहीच पोहोचणार नाही, एका टिकेवरच अडकेल. राग न मानता त्यांना एसएमएस करा किंवा दोघांच्या ओळखीच्या कुणाकडून निरोप द्या. खरं तर त्यांनी बरोबरच केलं.

व्यवसायाचे संपर्क असतील तर एक ओळ वाढवा: "आमचा बँक खाते क्रमांक बदललेला नाही, जुन्या बिलावर छापलेलाच धरा." क्रमांक मेसेजमध्ये लिहू नका. ज्याच्याकडे जुनं बिल आहे तो ते काढून बघेल, आणि खात्री बाहेरूनच झालेली बरी.

ज्यांनी काही करून टाकलंय, त्यांच्यासाठी

फोन यायला लागतात ते यांचे, आणि इथे "दुर्लक्ष करा" हा सल्ला घातक ठरतो.

पैसे पाठवले असतील तर मिनिटं मोजावी लागतात. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात भराभर सरकवले जातात. खात्यात जेवढी रक्कम शिल्लक सापडेल तेवढीच गोठवता येते. १९३० ही राष्ट्रीय सायबर फसवणूक हेल्पलाइन, आणि cybercrime.gov.in वर लेखी तक्रार. फोन करताना हाताशी ठेवायचं ते असं: रक्कम, वेळ, आपली बँक, ज्या यूपीआय आयडीला पैसे गेले तो, आणि बारा आकडी यूटीआर क्रमांक, जो पेमेंट ॲपमधल्या व्यवहाराच्या तपशिलात मिळतो. तक्रार ज्याच्या खात्यातून पैसे गेले त्यानेच करायची. ताईंच्या भाच्याने ५,००० पाठवले असतील तर तक्रार भाच्याची. ताईंनी आपलं खातं गेल्याची वेगळी तक्रार करून तिचा क्रमांक त्याला द्यावा, म्हणजे दोन्ही तक्रारी एकमेकींना जोडता येतात. तक्रारीची पावती मात्र ग्रुपवर टाकू नका, तिच्यावर तुमचा पत्ता आणि फोन असतो.

त्याला आणखी एक सांगून ठेवा. दोन-तीन दिवसांनी "सायबर सेलमधून बोलतोय, पैसे परत मिळवून देतो, आधी एवढी फी भरा" असा फोन येऊ शकतो. फसलेल्या माणसाच्या मागे दुसरी टोळी लागते ती अशी. आपल्या मेसेजात रिफंडचा उल्लेख आहे तो यासाठीच.

कोड दिला असेल तर त्याचंही खातं गेलं असेल किंवा जाण्याच्या बेतात असेल. त्याने लगेच आपल्या फोनवर व्हॉट्सॲप उघडून नंबर पुन्हा नोंदवावा. चोराने आधीच अनेकदा कोड मागवला असेल तर नवा कोड मिळायला काही तास थांबा, असं स्क्रीनवर येतं. ते बिघाड नव्हे, तेवढं थांबावंच लागतं. त्या वेळात त्याच्या माणसांना कुणीतरी दुसऱ्याने कळवायला हवं, नाहीतर साखळी पुढे सरकते.

एपीके फाइल नुसती आली असेल तर काही होत नाही, ती टाकून द्या. आयफोनवर ती चालतच नाही. अँड्रॉइडवर उघडून इन्स्टॉल केली असेल तर गोष्ट वेगळी, कारण अशी ॲप सहसा एसएमएस वाचायची परवानगी मागतात आणि बँकेचे ओटीपी परस्पर बाहेर पाठवतात. फोनचा इंटरनेट आणि वायफाय बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन लावून यूपीआय आणि नेटबँकिंग थांबवा. मग सेटिंगमधल्या ॲपच्या पूर्ण यादीत ते शोधून काढून टाका. मुख्य स्क्रीनवर आयकॉन दिसत नाही म्हणून ते नाही असं समजू नका, लपून बसायचीच त्याची पद्धत आहे. निघत नसेल तर फोटो, संपर्क वगैरे काढून घेऊन फोन रीसेट करणं हाच उपाय.

उत्तरं यायला लागली की

खुलाशानंतर लोक स्क्रीनशॉट पाठवतील. प्रत्येकावर दोन गोष्टी बघा: वरचा नंबर आणि मेसेजची वेळ.

नंबर तुमचा नसून दुसराच असेल आणि फक्त फोटो आणि नाव तुमचं असेल, तर तो वेगळा उद्योग आहे. तुमचं खातं परत आल्याने तो थांबणार नाही. त्या नंबराला सगळ्यांनी रिपोर्ट करून ब्लॉक करावं, असा एक छोटा मेसेज स्वतंत्रपणे पाठवा.

नंबर तुमचाच असेल, तर वेळेवरून काही ठरवण्याआधी पाठवणारा कुठे राहतो ते विचारा. वैशालीताईंच्या दुबईतल्या बहिणीच्या स्क्रीनशॉटवर दुपारचे १२:३५ दिसतील, तेव्हा नाशिकमध्ये २:०५ झालेले असतात, म्हणजे मेसेज चोराच्याच वेळातला. सिंगापूरच्या भावाच्या स्क्रीनशॉटवर तोच मेसेज ४:३५ चा दिसेल आणि ताई उगाच घाबरतील. पण पाठवणारा पुण्याचा असेल आणि वेळ ३:०५ असेल, तर आत अजून कुणीतरी आहे. पुन्हा Linked devices उघडा, दिसेल ते सगळं लॉग आऊट करा, पिन बदला, आणि खुलाशातली "२:१० पर्यंत" ही वेळ दुरुस्त करून तो सगळीकडे परत पाठवा.